मधोमध कडक, कडेला कच्ची: सहा नंबरच्या एका नव्या बॅटची गोष्ट

बॅट दुरुस्तीला आली तेव्हा विकत घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते. इंग्लिश विलो, सहा नंबर, तेरा वर्षांच्या उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाची. मुलाची उंची पाच फूट एक इंच, म्हणजे माप बरोबर होतं. तक्रार दोन ठिकाणची होती. बाहेरच्या कडेला, बॅटच्या खालच्या टोकापासून म्हणजे टोपासून साधारण दहा सेंटीमीटर वर, चेंडूच्या शिवणीने कापल्यासारखी तीन सेंटीमीटरची भेग, आणि टोच्या कोपऱ्यातून एक चिरफळी सुटू पाहत होती. बाबांचा सूर वैतागलेला होता. "सर, दुकानात मशीन नॉकिंगचे वेगळे पैसे दिलेत. वर आठवडाभर तेल पाजलंय. तरी पहिल्या नेटला ही हालत. फसवलंय का आम्हाला?"

लाकूड चांगलं होतं. बॅट उन्हाच्या तिरीपेत आडवी धरून पाहिली तर लाकडाच्या सात सरळ रेषा, म्हणजे ग्रेन्स, खालपर्यंत उतरलेल्या, गाठ नाही, हँडलही जागेवर घट्ट. फसवणूक म्हणावी असं काही दिसत नव्हतं. पण नॉकिंग करून, म्हणजे मॅलेटने, लाकडी हातोड्याने, ठोकून ठोकून लाकूड टणक करून, बॅट तयार झालेली नव्हती, हे ती हातात घेतल्यावर लगेच कळत होतं. मधल्या भागावर अंगठ्याचं नख जोर लावून दाबलं तर खूण उमटत नव्हती. तेच नख दोन बोटं बाजूला, कडेच्या कोपऱ्यावर दाबलं तर चंद्रकोरीसारखा खळगा राहत होता. कडेचा कोपरा तर सुताराने रंधा मारून दिल्यासारखाच तीक्ष्ण होता, बोट फिरवलं तर टोचेल असा.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण म्हणजे अशा बॅटी दर मोसमात येतात आणि प्रत्येक वेळी हिशोब तासांचाच सांगितला जातो. कोणी म्हणतं सहा तास ठोकली, कोणी म्हणतं दहा हजार ठोके दिले. कुठे ठोकली, हे विचारलं की उत्तर येतं, "सगळीकडे." बॅट बघितली की दिसतं, मधोमध. मधोमध ठोकायला बरं वाटतं, आवाज छान येतो, मॅलेट उसळून परत हातात येतो. कडेला ठोकलं की आवाज बद्द येतो आणि मनगट भरून येतं, म्हणून मुलं तिकडे फिरकत नाहीत.

आता मशीनने नेमकं काय केलं होतं ते बघू. विलो मुळात मऊ लाकूड आहे. त्याचे तंतू हँडलकडून टोच्या दिशेने उभे धावतात. कारखान्यात बॅट घडवताना पात्याचा पुढचा भाग रोलरखाली दाबतात, त्याने वरचे तंतू एकमेकांत दबून बसतात आणि पृष्ठभाग टणक होतो. हे प्रेसिंग जास्त झालं तर बॅट दगडी होते, चेंडू तिच्यावरून सुटत नाही. म्हणून कारागीर थोडं कमीच दाबतात आणि उरलेलं काम नॉकिंगवर सोडतात. दुकानातलं मशीनही बहुतेक ठिकाणी समोरून, सपाट भागावर ठोके देतं. म्हणजे जो भाग आधीच दबलेला होता त्यालाच आणखी दाब मिळतो. कडेचा कोपरा मात्र प्रेसमध्येही नीट दबत नाही आणि मशीनखालीही नाही.

कडेचं दुखणं वेगळं असतं. मधल्या भागावर चेंडू आदळला की त्याचा मार सगळ्या बाजूंच्या तंतूंत वाटला जातो. कडेला एका बाजूला आधारच नाही. तिथे तीक्ष्ण कोपरा असेल तर चेंडूचा सगळा मार त्या रेषेवर पडतो, आणि सीझन बॉलची उभी शिवण तंतूंच्या मधोमध पाचर मारल्यासारखी शिरते. कोपरा गोल आणि दबलेला असेल तर तोच चेंडू घसरून निघून जातो, फार तर लाल डाग राहतो. या मुलाची भेग पडली होती ती नेमकी अशीच. नेटमध्ये नवा चेंडू, जलद गोलंदाज, पुढे पाय टाकून मारलेला ड्राइव्ह आणि चेंडू बाहेरच्या कडेवर.

टोची गोष्ट मात्र तेलाची होती.

हँडलच्या वरच्या बाजूला, ग्रिपच्या खाली, दुकानदाराने बॉलपेनने वजन लिहून ठेवलं होतं, १०४० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर १०८५ भरली. दुसरी ग्रिप चढवली नव्हती, पात्याच्या पुढच्या भागावर चिकटवतात ती संरक्षक अँटीस्कफ शीटही लावलेली नव्हती. मग हे पंचेचाळीस ग्रॅम कुठून आले? विचारल्यावर खरं बाहेर आलं. आजोबा त्यांच्या काळात क्लब क्रिकेट खेळलेले. ते म्हणाले होते, बॅट रात्रभर तेलात उभी करा, टो कधी फुटणार नाही. म्हणून बशीत जवसाचं तेल ओतून बॅट त्यात उभी ठेवली होती, एक नाही तर दोन रात्री. वर रोज एक हात पुढून, एक हात मागून.

तंतू उभे धावतात म्हणजे टोच्या तळाशी त्यांची तोंडं उघडी असतात. बशीतलं तेल तिथून थेट वर चढतं. एक चहाचा चमचा तेल म्हणजे पाच मिलिलिटर, वजनाने साडेचार ग्रॅमच्या आसपास. नव्या बॅटला एका वेळी एवढंच पुरतं, आणि असे दोन, फार तर तीन हात. म्हणजे सगळं तेल मिळून बॅट दहा-चौदा ग्रॅमने वाढायला हवी. इथे तिच्या तिप्पट वाढली होती आणि त्यातलं बरंचसं खालच्या दहा-बारा सेंटीमीटरांत साचलं होतं. टोवर नख सहज रुतत होतं. तेलाने ओलं राहिलेलं लाकूड दबत नाही, मॅलेटखाली चेपून पुन्हा फुगतं, आणि यॉर्कर अडवताना टो जमिनीवर आपटला की तंतू एकमेकांवरून सरकून चिरफळी सुटते.

बाबांनी विचारलं, उन्हात ठेवली तर तेल उडून जाईल का? नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, लाकडाच्या आत गोंदासारखं बसतं. त्यामुळे एकदा पाजलेलं वजन बॅट परत देत नाही. उन्हाने फक्त लाकडातलं मूळचं पाणी उडतं आणि मग ते ठिसूळ होतं, म्हणजे एका चुकीवर दुसरी. चाळीस ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण तेरा वर्षांच्या मनगटाला ते खाली, टोपाशी लटकले की पुलचा फटका उशिरा बसतो. ते आता तसंच राहणार, हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगून टाकलं.

तेलाबद्दल आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. तेल कच्चं जवस तेल हवं. हार्डवेअरच्या दुकानात 'उकळलेलं' किंवा 'डबल बॉइल्ड' म्हणून रंगवाल्यांसाठी मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते वर कडक कवच धरतं, आत जात नाही. स्वयंपाकाचं तेल, खोबरेल, मोहरीचं, हे तर नकोच, ते कधी घट्टच होत नाही. आणि तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात किंवा किटबॅगेत टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं, बोळा करून ठेवलेलं फडकं आतून तापत तापत पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळू द्यावं, मगच टाकावं. हे बॅटवाले सहसा सांगत नाहीत.

तर सुरुवात झाली काही न करण्यापासून. बॅट कोरड्या फडक्याने पुसून घेतली, टोच्या तळाला जुन्या वर्तमानपत्राची घडी दाबून दोनदा बदलली, जेवढं वर आलेलं तेल होतं तेवढं टिपलं. मग खोलीत, पंख्याखाली नव्हे पण हवा खेळेल अशा जागी, पुढचा भाग वर करून आडवी ठेवली. दोन आठवडे. मुलाला हे फार जड गेलं, शाळेला सुट्टी आणि नेट चालू. तेवढे दिवस तो जुन्या पाच नंबरने खेळला.

दोन आठवड्यांनी टोवर नख पूर्वीइतकं रुतत नव्हतं. तेव्हा भेगा हातात घेतल्या. तेलकट लाकडावर कुठलाच चिकट धरत नाही, म्हणून आधी थोडं अॅसिटोन कापसावर घेऊन भेगेच्या आजूबाजूची जागा पुसली आणि दोन तास तशीच ठेवली. कडेची भेग वरवरची होती, मागच्या बाजूला पोहोचलेली नव्हती. बॅट दोन्ही हातांनी किंचित वाकवली की ती उघडायची. त्या उघड्या भेगेत लाकडाचा पांढरा गोंद सोडला आणि पोस्टकार्डाच्या कडेने आत सारला, सोडून दिली की भेग मिटली. टोच्या चिरफळीचंही तसंच, फक्त तिथे गोंद खालून, तंतूंच्या तोंडातून घालावा लागला. वरून प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून घट्ट गुंडाळली. चोवीस तास. नंतर १८० नंबरच्या आणि मग ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने उरलेला गोंद घासून काढला. झटपट लागणारा सुपरग्लू इथे वापरता आला असता, केसासारख्या बारीक भेगेत तो छान शिरतो, पण वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. मार जिथे रोज बसणार तिथे मला पांढरा गोंदच बरा वाटतो.

यानंतर खरं नॉकिंग. पेन्सिलीने बॅटच्या पुढच्या भागावर दोन उभ्या रेषा आखल्या आणि टोपासून पाच सेंटीमीटरवर एक आडवी. झाले चार भाग: बाहेरची कड, आतली कड, टो आणि मधला पट्टा. मुलाला पंधरा मिनिटांच्या अठरा बैठका लावून दिल्या, म्हणजे एकूण साडेचार तास. त्यातल्या सहा बाहेरच्या कडेला, सहा आतल्या कडेला, तीन टोला आणि फक्त तीन मधल्या पट्ट्याला, कारण तिथे मशीनने काम केलेलं होतं. मशीनला न लावलेली बॅट असती तर एकूण सहा तासांच्या घरात धरलं असतं आणि वाढलेला वेळ मधल्या पट्ट्याला दिला असता. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. प्रेसिंग कमी असेल तर जास्त लागतं, जास्त असेल तर कमी. पण निम्म्याहून बराच जास्त वेळ कडा आणि टोला, एवढं प्रमाण मी सोडत नाही.

कसं ठोकायचं ते त्याला शेजारी बसवून दाखवलं. मॅलेट लाकडी, गोल डोक्याचा. सपाट डोक्याचा मिळतो त्याची कड वाकडी पडली की बॅटवर अर्धचंद्राचे खड्डे उमटतात आणि ते जात नाहीत. बॅट फरशीवर ठेवायची नाही, खाली आधार कडक असला की मागचा कणा मार खातो. मांडीवर घडी केलेली गोधडी, त्यावर बॅट, डाव्या हाताने हँडल धरलेलं. मॅलेट फेकायचा नाही, मनगटातून सोडायचा. पहिल्या दोन बैठका अगदी हलक्या, दारावर टकटक करावी तेवढ्याच जोराच्या, खूण उमटणारही नाही अशा. जोर त्यानंतर थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि शेवटच्या बैठकांत एखाद्या मध्यम गतीच्या चेंडूइतका होऊ द्यायचा. सुरुवातीलाच जोरात मारलं तर कच्च्या लाकडावर खळगे पडतात, मग त्या खळग्यांच्या काठावरून भेगा निघतात.

कडेला ठोकताना मॅलेट पंचेचाळीस अंशांत तिरका हवा. समोरून सरळही नाही आणि बाजूने आडवाही नाही. चेंडू कधी कडेच्या बाजूला थेट नव्वद अंशात लागत नाही, तो कोपऱ्यावर लागतो, म्हणून कोपराच गोल करायचा. बाजूने आडवं मारलं तर पात्याच्या थरांत उभी फूट पडते. मुलाने पहिल्याच बैठकीत हे केलं, बॅट उभी धरून कडेच्या सपाट बाजूवर ठोकू लागला, कारण तशी ती हाताला सोपी येते. थांबवलं. मग कोपरा नेमका कुठे आहे ते बोटाने चाचपायचं, त्यावर मॅलेट टेकवायचा, मग एक इंच वर उचलून सोडायचा, असं करत कडेच्या लांबीने वरपासून खाली आणि खालून वर. पात्याच्या वरच्या टोकाला, शोल्डरपाशी, जिथे हँडलची पाचर पात्यात बसवलेली असते, तिथे ठोकायचं नाही, तेलही लावायचं नाही. तेलाने तिथला गोंद सुटतो. मागच्या बाजूला तर मॅलेट लावायचं काही कारणच नाही.

टोचा प्रकार कडेसारखाच, पण जपून. पुढच्या भागावर टोच्या टोकापर्यंत हलके ठोके आणि टोच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरके. तळावर, जिथे तंतूंची तोंडं असतात, कधीही नाही. तिथे मारलं की तंतू उभे फाटतात. या बॅटीच्या टोला पहिल्या बैठकीनंतर पुन्हा पाच-सहा दिवस विश्रांती दिली, कारण ठोकताना तेल अजूनही बारीक दवासारखं वर येत होतं. ते पुसलं, थांबलो, आणि मग पुढे.

दादरसारख्या वस्तीत यातली खरी अडचण वेगळीच असते. ठोकायचा आवाज भिंतींतून तीन मजले जातो. सोसायटीतल्या एका काकूंनी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली, घरात काम काढलंय का? शेवटी संध्याकाळी पाच ते सहा, गच्चीवर, अशी वेळ ठरली. गच्चीवरच्या पत्र्याखाली बॅट तिथेच ठेवून यायचा मोह मुलाला होत होता, तो मोडून काढावा लागला. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली लाकूड भाजून निघतं.

दहाव्या बैठकीच्या सुमाराला कडेचा फरक डोळ्यांना दिसू लागला. तीक्ष्ण कोपरा जाऊन घरातल्या जुन्या पाटाची कड बसून बसून झिजते तशी गोलाई आली, आणि प्रकाशात धरली की तिथे लाकूड किंचित चकाकत होतं. आवाजही बदलला. सुरुवातीचा बद्द आवाज जाऊन कडेवरूनही मॅलेट उसळू लागला. नख दाबलं तर आता फिकट रेषा उमटायची, खळगा नाही. अठरा बैठका संपल्यावर ती रेषाही जेमतेम.

तरी सरळ नेटमध्ये पाठवली नाही. मधली पायरी जुन्या चेंडूची. जुना म्हणजे शिवण बसलेला, पण दर्जेदार सीझन बॉल. मैदानात सरावासाठी स्वस्तातले जे चेंडू मिळतात, कडक बुचाचे आणि वर प्लॅस्टिकसारखं चकाकणारं कातडं असलेले, ते नव्या बॅटला मॅलेटच्या मानाने फारच निर्दय असतात. बोलिंग मशीनचे खळग्यांचे टणक चेंडू तर नव्या इंग्लिश विलोवर घेऊच नयेत. बाबा समोर उभे राहून खालून हळू चेंडू टाकत आणि मुलगा बॅटने चेंडू वर उडवून झेल देत असे. अर्ध्या तासाने बॅट पुसून पाहिली. मधल्या पट्ट्यावर डाग होते, खुणा नव्हत्या. बाहेरच्या कडेवर मात्र, जुन्या भेगेच्या थोडं वर, शिवणीचे टाके मोजता येतील अशी ठळक खूण. याचा अर्थ सरळ, तिथलं लाकूड अजून कच्चं आहे. पेन्सिलीने तेवढ्याच जागेभोवती गोल काढला आणि त्या गोलात आणखी दोन बैठका. पुढच्या वेळी खूण नाही.

मग नेट, पण पहिले काही दिवस जुन्या चेंडूवर, फिरकी आणि मंद गोलंदाजांसमोर, सरळ बॅटने. मॅटिंगवर सराव असेल तर टो जमिनीवर आपटत स्टान्स घ्यायची सवय तेवढे दिवस तरी सोडायला लावतो. चौदा वर्षांखालची मुलं एका ओव्हरमध्ये सहा चेंडू आणि वीस वेळा टो आपटतात, तो मार कुणी मोजत नाही. नव्या चेंडूसमोर बॅट गेली ती घरी आल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी. बाबांना हा काळ लांब वाटला. त्यातले जवळजवळ तीन आठवडे तेल आणि भेगा यांतच गेले होते, हे मी पुन्हा सांगितलं नाही, त्यांना ठाऊक होतं.

शीट आणि टेपबद्दल थोडक्यात. अँटीस्कफ शीट नॉकिंग पूर्ण झाल्यावर आणि तेल पूर्ण वाळल्यावरच लावायची, नाहीतर चिकट सुटतो आणि खाली फुगे येतात. शीट म्हणजे नॉकिंगला पर्याय नाही. तिच्याखालचं कच्चं लाकूड तसंच फुटतं, फक्त दिसत नाही. या बॅटीच्या दोन्ही कडांना वरून फायबर टेप ओढली, कारण एक भेग आधीच पडलेली होती. टोला रबरी टोगार्ड चिकटवला, जास्तीचा भाग ब्लेडने कापून कडा घासून घेतल्या. मोठ्यांच्या बॅटला नियमाने पात्यावरचं आवरण एक मिलिमीटर आणि टोवरचं संरक्षण तीन मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. सहा नंबरला ते बंधन लागू नसलं तरी मी तेवढंच ठेवतो. जाड टोगार्डने टो जड होतो, आणि इथे तो आधीच जड होता.

टोगार्ड लावायचा मुख्य उद्देश मार नव्हे, पाणी. जूनमध्ये मुंबईत पाऊस सुरू झाला की क्रिकेट थांबत नाही. कांगा लीग तर १९४८ पासून पावसातच खेळली जाते, आणि मोठ्यांचं बघून पोरंही ओल्या मैदानावर उतरतात. तळाच्या उघड्या तोंडांतून पाणी चढलं की टो फुगतो. ते ओळखायला पट्टी पुरते. टोच्या पुढच्या भागावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली की कोरड्या बॅटवर ती टेकते, फुगलेल्या बॅटवर मधे टेकून दोन्हीकडे हलते. तसं दिसलं तर बॅट खेळायची नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, कागद बदलत, आडवी ठेवून आठ-दहा दिवस वाळू द्यायची. ऊन, हेअर ड्रायर, गॅसजवळची जागा, हे सगळं टाळायचं. झटपट वाळलेलं लाकूड बाहेरून आकसतं, आतून ओलं राहतं आणि तडकतं. ओल्या पॅड्ससोबत किटबॅगेत बंद करून ठेवलेली बॅट एका रात्रीत जेवढं पाणी पिते तेवढं मैदानावरही पीत नाही. घरी आल्यावर कव्हरमधून बाहेर काढायची आणि बाल्कनीच्या ओल्या फरशीवर टो टेकवून उभी करायची नाही.

उलट टोकाची गोष्ट विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या पोरांची. तिथे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की लाकूड आतलं पाणी गमावून कडक आणि ठिसूळ होतं. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बॅट संध्याकाळी पहिल्या चेंडूला तडकलेली पाहिली आहे. तिथे घरातल्या थंड खोलीत ठेवणं आणि मोसमातून एकदा उघड्या लाकडावर अर्धा चमचा तेलाचा हात, एवढं पुरतं. शीट लावलेल्या भागावर तेल घालण्यात अर्थ नाही, ते आत जात नाही.

काश्मीर विलोच्या बॅटचं काय, हेही बरेच पालक विचारतात, कारण वाढत्या मुलाला दरवर्षी इंग्लिश विलो परवडत नाही आणि घेऊही नये. काश्मीर विलो थोडं जड आणि कडक असतं, पण म्हणून नॉकिंग सुटत नाही, कडा त्याच्याही कोपऱ्यातूनच फुटतात. फक्त टेनिस बॉलने खेळायची बॅट असेल तर हे काहीच करायची गरज नाही.

आता या बॅटीची स्थिती. पावसाळा आणि त्यानंतरच्या शालेय सामन्यांत ती खेळली. मधल्या पट्ट्यावर ग्रेनच्या बाजूने बारीक रेषा उमटल्या तेव्हा बाबा पुन्हा घाबरून घेऊन आले. त्या रेषा विलोवर येतातच, त्याने फटका कमी होत नाही. ज्या भेगेत नख अडकतं, जी कडेवरून मागच्या बाजूला वळते, किंवा जिच्यामुळे फटका मारल्यावर हातात झिणझिण्या येतात, ती दाखवायला आणावी. जुनी गोंदलेली भेग तशीच मिटलेली होती. टेप एकदा बदलली. टोवरची चिरफळी मात्र एका कोपऱ्यातून पुन्हा किंचित उघडली, तिथे तेल इतकं मुरलेलं होतं की गोंदाला घट्ट धरायला जागाच मिळाली नाही. पुन्हा गोंद घातला, टोगार्ड बदलला, पण पुढच्या मोसमात तो कोपरा जाईल असा माझा अंदाज आहे, आणि तसं सांगितलं आहे.

मुलगा वर्षभरात दोन इंच वाढला, म्हणजे पुढची बॅट हॅरो, सहा नंबरच्या पुढचं माप. बाबांनी विचारलं, या वेळी मशीनला द्यायची की नाही? द्या, मधल्या पट्ट्याचा वेळ वाचतो. दुकानदाराला कडेचा कोपरा बोटाने दाखवून विचारा, मशीन इथे ठोकतं का. नाही म्हणाला तर कडा आणि टो घरी, मांडीवर गोधडी घेऊन. आणि घरी आणल्यावर तेल लावायच्या आधी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन ग्रिपखाली लिहून ठेवा, म्हणजे किती तेल पाजलं ते काटाच सांगेल.